तंगूस पुसला तरी रेघ दिसते : हवेत तरंगणाऱ्या वस्तूच्या फोटोतली परत परत येणारी अडचण

फोटो तयार होतो. वस्तू हवेत आहे, ती ज्यावर टांगली तो तंगूस फोटोशॉपमध्ये नीट पुसलाय, मॉनिटरवर सगळं स्वच्छ दिसतंय. फाइल ग्राहकाकडे जाते आणि थोड्या वेळाने मेसेज येतो : "वर मध्ये ती उभी रेघ कसली दिसतेय?" तुम्ही पुन्हा फाइल उघडता, झूम करून बघता आणि तुम्हाला काहीच सापडत नाही. मग अंदाजाने त्या जागेवरून परत एकदा ब्रश फिरवता, आणि आता रेघेच्या जागी एक मळकट पट्टा येतो.

पुण्यात छोट्या उत्पादकांसाठी फोटो काढणाऱ्या बऱ्याच जणांना ही अडचण दर दुसऱ्या कामात येते. त्यातून सुटायचं असेल तर आधी एक समजून घ्यावं लागतं. जी दिसतेय ती रेघ बऱ्याचदा अख्ख्या तंगुसाची नसते, तंगूस जवळजवळ गेलेला असतो. दिसतो तो पुसण्याचा माग. म्हणून त्याच ब्रशने तेच पुन्हा पुसलं की माग वाढतो, जात नाही.

आधी रेघ स्वतःच्या डोळ्यांनी बघा

ग्राहकाच्या मोबाइलचा ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला असतो, त्यात काँट्रास्ट जास्त, आणि चित्र लहान होऊन दिसतं. चित्र लहान झालं की फिकट आणि लांबट डाग उलट जास्त जाणवतात. शंभर टक्के झूमवर तुम्ही रेघेचा एक तुकडा बघत असता, ग्राहक अख्खी रेघ एका नजरेत बघत असतो. त्यामुळे पहिली तपासणी झूम कमी करून करायची. चित्र पंचवीस टक्क्यांवर आणा आणि खुर्ची थोडी मागे घ्या.

दुसरी तपासणी याहून खात्रीची आहे. फोटोशॉपमध्ये सगळ्यात वर Levels ची ॲडजस्टमेंट लेयर टाका. कर्सर बॅकग्राउंडवर फिरवून Info पॅनलमध्ये आकडे बघा. समजा गडद राखाडी बॅकग्राउंड ६० ते ९५ च्या दरम्यान आहे. मग Levels मध्ये डावीकडचा आकडा ५५ आणि उजवीकडचा १०० करा. वस्तू जळून जाईल, तिकडे लक्ष देऊ नका. बॅकग्राउंडमधला बारीकसारीक फरक आता पाचपट होऊन समोर येतो आणि लपलेली रेघ खडूने ओढल्यासारखी दिसते. ही लेयर काम संपेपर्यंत ठेवा, लागेल तेव्हा डोळा चालू-बंद करा आणि फाइल एक्स्पोर्ट करण्यापूर्वी आठवणीने बंद करा.

रेघ कशी दिसते यावरून तिचं कारणही कळतं. कडा धारदार आणि मधला भाग गुळगुळीत असेल, तर ब्रशने तिथला कणदारपणा खाल्लाय. कडा मऊ असून पट्टा आजूबाजूपेक्षा थोडा उजळ किंवा गडद असेल, तर छटा जुळलेली नाही. मधोमध स्वच्छ आणि दोन्ही बाजूंना अगदी बारीक समांतर रेघा असतील, तर तंगुसाची धूसर कड बाहेर राहिलीय. हे शेवटचं फार वेळा होतं. तंगूस वरच्या दांडीकडे जाताना थोडा पुढे किंवा मागे झुकलेला असेल, तर वर जाऊन तो फोकसच्या बाहेर जातो. खाली तो पाच पिक्सेल रुंद दिसतो आणि फ्रेमच्या वरच्या कडेला पंधरा, तोही फिकट. खालपासून वरपर्यंत एकाच मापाचा ब्रश फिरवला की वरची कड हमखास राहते.

तंगूस हवेत का चमकतो

"अदृश्य" म्हणून महाग फ्लोरोकार्बनचा दोरा घेणारे बरेच आहेत. तो पाण्यात खरंच कमी दिसतो, कारण त्याचा अपवर्तनांक साधारण १.४२ असतो आणि पाण्याचा १.३३. साध्या नायलॉनचा १.५३ च्या आसपास असतो. पण आपण मासे पकडत नाही. हवेचा अपवर्तनांक १ धरला तर दोघेही हवेत स्पष्ट दिसणार. गोल आणि पारदर्शक असल्यामुळे दोरा बारीक भिंगासारखा वागतो : मध्ये पांढरी चमक, कडेला गडद रेघ. पैसे तिथे घालू नका.

त्यापेक्षा दिव्याची उंची बदलून बघा. उभ्या तंगुसाच्या ज्या जागेपासून दिवा जितक्या कोनात वर आणि कॅमेरा तितक्याच कोनात खाली असतो, तिथे चमक दिसते. दिवा आणि कॅमेरा तंगुसापासून सारख्या अंतरावर असतील, तर ही जागा दोघांच्या उंचीच्या मधोमध येते. सॉफ्टबॉक्स वर चढवत गेलात की चमकही तंगुसावरून वर सरकते आणि एका उंचीला फ्रेमच्या बाहेर जाते. दिव्याची उंची शेवटी वस्तू कशी दिसते त्यावरच ठरवायची, पण दोन-चार इंच वर-खाली करून वस्तूत फरक पडत नसेल, तर तंगूस जिथे मंद पडतो ती उंची घ्या. ठळक चमक पुसण्यापेक्षा मंद रेघ पुसणं केव्हाही सोपं.

साध्या वस्तूला रविवार पेठेत मणी ओवायला मिळतो तो तंगूसही चालतो. पण त्यावर किती वजन पेलेल ते बहुधा लिहिलेलं नसतं. धातूची जड वस्तू टांगायची असेल तर मासेमारीचं सामान विकणाऱ्याकडून किलोत क्षमता छापलेलं रीळ घ्या. गाठीपाशी दोरा कमजोर होतो, म्हणून वस्तूच्या वजनाच्या कितीतरी पट जास्त क्षमतेचा घ्या. जाडी ०.२५ मिमीच्या आसपास असली तर पुरते.

तांब्याचा तांब्या : एक काम सुरुवातीपासून

कसब्यातल्या तांबट आळीत ठोकून घडवलेला, मठारकाम केलेला तांब्या हवेत दाखवायचा आहे. बॅकग्राउंड गडद राखाडी, मध्यभागी किंचित उजळ. या कामात तंगूस एकाच जागी नसतो. तो बॅकग्राउंडवर आहे, गळ्याभोवती आहे आणि तांब्याच्या खांद्यावर त्याचं प्रतिबिंबही आहे. मठारलेल्या प्रत्येक ठोक्यात छोटा आरसा असतो आणि प्रत्येक आरशात तंगुसाचा एकेक चमकणारा तुकडा. बॅकग्राउंडवरची रेघ एक वेळ ब्रशने जाईल, पण हे तुकडे पुसायला गेलात की ठोके सपाट होतात आणि त्या भागातलं मठारकाम पॉलिश केल्यासारखं दिसू लागतं. ज्याने हाताने ते ठोके मारलेत त्याच्या मालाचा फोटो असा देता येत नाही.

अशा वेळी बरेच जण रिकामी फ्रेम काढतात. वस्तू काढून घ्यायची, फक्त बॅकग्राउंडचा फोटो घ्यायचा आणि तंगुसाच्या जागी तो मास्कने आणायचा. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. तांब्या समोर असताना तो थोडा प्रकाश अडवतो आणि थोडा तांबूस प्रकाश मागे फेकतो. तो काढला की बॅकग्राउंडची छटा बदलते, विशेषतः जवळ असेल तर. मग रिकाम्या फ्रेममधून आणलेला बारीक पट्टा आजूबाजूपेक्षा वेगळा दिसतो. म्हणजे पुन्हा रेघच. आणि खांद्यावरच्या प्रतिबिंबांना रिकाम्या फ्रेमचा काहीच उपयोग नाही.

माझं मत ठाम आहे : चकचकीत वस्तूसाठी दुसरी फ्रेम वस्तू तिथेच ठेवून, पण तंगूस काढून घ्यायची. ती अशी.

कॅमेरा ट्रायपॉडवर. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. बॅकग्राउंड दीड-दोन मीटर मागे, म्हणजे तंगुसाची सावली त्यावर पडत नाही. तांब्याच्या गळ्याला, काठाच्या खाली, तंगुसाचं एक कडं बांधायचं. त्या कड्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूने दोन दोरे वरच्या दांडीला, वर जाताना एकमेकांपासून दूर जाणारे. एकाच दोऱ्यावर टांगलं तर रिळातला पीळ सुटत राहतो आणि तांब्या फिरत बसतो. दोन दोऱ्यांनी फिरणं थांबतं. दांडी तांब्याच्या बरोबर वर हवी, पुढे-मागे नको. पंखा बंद. डोलणं थांबलं की पहिली फ्रेम घ्या. ही फ्रेम 'अ'.

आता तांब्याखाली आधार आणायचा. छोट्या ट्रायपॉडचा वर-खाली होणारा दांडा उत्तम. त्यावर तांब्याच्या बुडापेक्षा लहान सपाट चकती ठेवायची, सगळ्यावर काळं कापड आणि चकतीच्या मध्यावर प्लास्टिकच्या तुकड्यावर मॉडेलिंग क्लेचा लहानसा गोळा. दांडा हळूहळू वर घ्या. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तांब्याचा काठ दहापट मोठा करून ठेवा आणि एक माणूस फक्त तिकडे बघत बसू द्या. दोरे सैल पडतील पण काठ हलणार नाही, ती जागा पकडायची. काठ वर सरकला तर दांडा जास्त चढलाय, पाव फेरा मागे घ्या. दोरे सैल पडलेत का हे बोटाने हलकेच छेडून कळतं : ताणलेला दोरा थरथरतो, सैल दोरा नुसता वाकतो.

आता बारीक कात्रीने दोन्ही दोरे गळ्याजवळ कापा, मग कडं एका जागी कापून मागच्या बाजूने हळू ओढून घ्या. वरून लोंबणारी टोकं दांडीवर गुंडाळून टाका, फ्रेममध्ये राहू देऊ नका. दिव्याला, कॅमेऱ्याला, कशालाही हात न लावता दुसरी फ्रेम. ही 'ब'.

'ब' मध्ये तांब्याचा वरचा अर्धा भाग, गळा, खांदा आणि वरचं सगळं बॅकग्राउंड तंगुसाशिवाय मिळालं, तेही तांब्या जागेवर असतानाच्या प्रकाशात. खालच्या भागात आधार दिसतोय आणि बुडाजवळ त्याचं प्रतिबिंबही आहे. तो भाग 'अ' मधून घ्यायचा. पुसण्यासारखं काही उरलंच नाही.

दोन्ही फ्रेम जोडताना

रॉ फाइलवर जे कराल ते दोन्हींवर अगदी तेच करा आणि १६ बिटमध्येच उघडा. बॅकग्राउंडच्या हलक्या छटा ८ बिटमध्ये लवकर पायऱ्या-पायऱ्या होतात, आणि त्या पायऱ्यांनाही ग्राहक रेघच म्हणतो. दोन्ही एकाच फाइलमध्ये लेयर म्हणून घ्या, 'अ' खाली, 'ब' वर. वरच्या लेयरचा मोड Difference करा. जिथे दोन्ही सारख्या आहेत तिथे काळं दिसेल. तांब्याच्या काठावर उजळ किनार दिसली तर तांब्या जरासा हलला आहे. Move टूल घेऊन बाणाच्या कीने एकेक पिक्सेल सरकवा आणि काठ जास्तीत जास्त काळा होईल तिथे थांबा. थोडा कलला असेल तर Free Transform मध्ये अंशाच्या दशांशाने फिरवा. Edit मेनूतलं Auto-Align Layers ही चालतं, पण ते कधीकधी स्थिर बॅकग्राउंडला धरून जुळवतं आणि हललेला तांब्या तसाच राहतो. त्यामुळे निकाल Difference मध्येच तपासा.

मोड परत Normal करा, 'ब' वर काळा मास्क टाका आणि पांढऱ्या ब्रशने वरचा भाग उघडत या. बॅकग्राउंडवर मऊ, मोठा ब्रश. इथे दोन्ही फ्रेमची छटा सारखीच असल्यामुळे बारीक पट्टा जपायची गरज नाही, वरचं अख्खं बॅकग्राउंड 'ब' मधून घेतलं तरी हरकत नाही. उलट तेच बरं, कारण रेघ दिसते ती पट्टा अरुंद असतो म्हणून.

तांब्याच्या अंगावर मात्र ब्रश लहान आणि थोडा कडक. जोड सरळ आडवा घेऊ नका. मठारलेल्या ठोक्यांच्या कडेकडेने, एका ठोक्यावरून दुसऱ्यावर, नागमोडी न्या. ठोक्याच्या कडेवर उजेड-काळोखाचा बदल मुळातच असतो, त्यात जोड बुडून जातो. ठोक्याच्या मधून जोड नेला तर तो ठोका चिरल्यासारखा दिसतो, आणि नजर तिथेच जाते. जोड कुठे बसवायचा हे 'ब' मध्ये आधाराचं प्रतिबिंब कुठपर्यंत चढलंय त्यावर ठरतं. बहुतेक वेळा पोटाच्या सगळ्यात रुंद भागाच्या थोडं वर सुरक्षित असतं.

शूट झालंय, 'ब' नाही, उद्या फाइल द्यायचीय

हेही होतंच. तेव्हा काम तीन टप्प्यांत करा, एका ब्रशवर सोडू नका.

पहिला टप्पा काठाजवळचा. हीलिंग ब्रश आजूबाजूचा रंग ओढून मिसळतो, म्हणून तंगूस जिथे तांब्याला टेकतो तिथे तांबूस डाग पसरतो. आधी पेन टूलने तांब्याची कड नेमकी आखून सिलेक्शन करा आणि ते उलटं करा, म्हणजे फक्त बॅकग्राउंड निवडलेलं राहील. आता ब्रशला तांब्याचा रंग ओढता येत नाही. नव्या रिकाम्या लेयरवर काम करा, Sample मध्ये Current & Below ठेवा. काठाला अगदी लागून असलेल्या आठ-दहा पिक्सेलसाठी हीलिंगऐवजी क्लोन स्टॅम्प जास्त विश्वासाचा.

दुसरा टप्पा लांब रेघेचा. हीलिंग ब्रशने खाली एक क्लिक, मग Shift धरून वर दुसरी क्लिक, की सरळ पट्टा एकदम जातो. ब्रश तंगुसाच्या दुपटीपेक्षा थोडा रुंद, आणि वर जिथे तो धूसर झालाय तिथे अजून मोठा, म्हणून रेघ दोन-तीन तुकड्यांत घ्या. नमुना शेजारूनच, त्याच उंचीवरचा घ्या. लांबचा घेतलात तर कणांचा पोत बदलतो.

तिसरा टप्पा बहुतेक जण सोडून देतात, आणि ग्राहकाला दिसणारी रेघ इथेच राहते. Levels ची तपासणी-लेयर चालू करून बघा, फिकट पट्टा असणारच. Levels बंद करून Ctrl+Alt+Shift+E ने सगळ्याची एक लेयर बनवा. त्यातून पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दोनेकशे पिक्सेल धरून फक्त बॅकग्राउंड निवडा, तांब्याच्या काठापासून थोडं अंतर सोडून, आणि Ctrl+J ने वेगळं काढा. त्या लेयरचे पारदर्शक पिक्सेल लॉक करा, म्हणजे तिच्या कडा जागच्या जागी राहतात. आता Gaussian Blur, ३० ते ५० पिक्सेल. दहा-पंधरा पिक्सेलचा पट्टा एवढ्या रुंदीत विरघळला की डोळ्याला सापडत नाही. या लेयरला मास्क देऊन तिच्या कडा मऊ करा. मग Add Noise, Gaussian आणि Monochromatic, एक टक्क्याच्या आसपास, शेजारच्या कणांशी शंभर टक्के झूमवर ताडून. ही पायरी चुकवली तर गुळगुळीत पट्टा मिळेल, म्हणजे पहिल्याच तक्रारीवर परत याल.

कापडाचा, लाकडाचा किंवा भिंतीचा पोत असलेल्या बॅकग्राउंडवर हा तिसरा टप्पा वापरू नका. तिथे ब्लर लगेच उघडा पडतो, आणि पोतामुळे छटेतला फरक तसाही लपतो. पहिले दोन टप्पे पुरतात.

राहिली खांद्यावरची प्रतिबिंबं. 'ब' नसेल तर ती पूर्ण जात नाहीत, आणि पूर्ण घालवायच्या मागेही लागू नये. क्लोन स्टॅम्पचा मोड Lighten किंवा Darken करून, चमक आसपासपेक्षा उजळ असेल तर Darken, गडद असेल तर Lighten, प्रत्येक ठोक्यात त्याच ठोक्याच्या शेजारच्या जागेचा नमुना घेऊन हलक्या ओपॅसिटीने दाबायची. ठोक्याची कड ओलांडायची नाही. तुटक तुकडे उरले तर ते मठारकामातच मिसळतात. काढायची असते ती त्या तुकड्यांतून वर जाणारी सलग ओळ, म्हणून एकाआड एक तुकडा दाबला तरी ओळ मोडते.

काचेच्या किंवा पाणी भरलेल्या वस्तूला यातलं फारसं लागू पडत नाही. तिथे मागून जाणारा तंगूस वस्तूच्या आत वाकून, कधी दोन जागी दिसतो, आणि खालून दिलेला आधार पूर्ण उंचीभर उमटतो, म्हणून 'ब' चा वरचा भागही स्वच्छ मिळत नाही. काचेची वस्तू टांगूच नये असं मी सांगतो. मागच्या बाजूने, कॅमेऱ्याला वस्तूआड झाकलेल्या आडव्या दांडीवर ती धरावी, आणि दांडी काचेतून जिथे दिसते तो भाग दांडीची जागा बदलून घेतलेल्या दुसऱ्या फ्रेममधून आणावा.